बोर्ड इथला, कंपनी परराज्यातली : शाखेची नोंद नेमकी कुठं असते?

ऑक्टोबर छाटणीचे दिवस आले की द्राक्षपट्ट्यात औषध फवारणीच्या ब्लोअरची मागणी वाढते. याच सुमारास बाजार समितीच्या रस्त्याला एखादा नवा गाळा उघडतो. बाहेर मोठा बोर्ड, आत दोन टेबलं, दारात नमुन्याला उभा केलेला एक ब्लोअर. बोर्डावर लिहिलेलं असतं ‘शाखा कार्यालय’. कंपनी कुठली म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं, राजकोटची. शेतकरी ऐंशी हजार रुपये आगाऊ भरतो, पावती खिशात घालतो आणि घरी येतो. ब्लोअर वेळेवर आला तर प्रश्नच नाही. नाही आला आणि गाळ्याला कुलूप दिसलं, की मग सगळे विचारायला लागतात, ही शाखा सरकारदरबारी कुठं नोंदवलेली तरी होती का?

हा प्रश्न पैसे भरण्याच्या आधी विचारायचा आहे. त्याचं उत्तर मोबाईलवर दहा-पंधरा मिनिटांत मिळू शकतं. फक्त एका राज्यातली कंपनी दुसऱ्या राज्यातल्या शाखेची नोंद कशी करते, हे माहीत पाहिजे.

कंपनी एकदाच जन्मते

कंपनीची नोंदणी ही केंद्राच्या कंपनी कायदा 2013 खाली होते. गुजरातमधल्या कंपनीची नोंद अहमदाबादच्या कंपनी निबंधकाकडे होते आणि तिथंच तिचं नोंदणीकृत कार्यालय कागदावर येतं. पण ती कंपनी फक्त गुजरातपुरती नसते, सगळ्या देशात धंदा करायला मोकळी असते. महाराष्ट्रात शाखा उघडायची तर मुंबईच्या किंवा पुण्याच्या निबंधकाकडे पुन्हा नोंदणी करावी लागत नाही.

बरेच जण इथंच फसतात. कंपनीच्या केंद्रीय पोर्टलवर, म्हणजे mca.gov.in वर, कंपनीचं नाव टाकलं तर राजकोटचा पत्ता दिसतो, आपल्या तालुक्यातल्या शाखेचा कुठं उल्लेख दिसत नाही. मग कुणी म्हणतं शाखा बोगस आहे. तसं नाही. देशातल्या शाखांची यादी तिथं नसतेच. कायद्यात शाखा कार्यालयाची व्याख्याही अगदी साधी आहे. ज्या जागेला कंपनी स्वतः शाखा म्हणते, ती शाखा. संचालक मंडळ ठराव करतं, कुणाला तरी सहीचा अधिकार देतं, बँकेत खातं उघडतं, आणि शाखा सुरू होते.

प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षरी ओळख क्रमांक असतो, त्याला सीआयएन म्हणतात. नमुना बघा :

```
U00000GJ2018PTC000000
```

पहिलं अक्षर U म्हणजे शेअर बाजारात नसलेली कंपनी, तिथं L असेल तर शेअर बाजारातली. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात. त्यानंतरची GJ ही दोन अक्षरं म्हणजे गुजरात, मग स्थापनेचं वर्ष, PTC म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड आणि शेवटी नोंदणीचा नंबर. महाराष्ट्रातल्या कंपनीच्या क्रमांकात GJ च्या जागी MH येतं. शाखा कितीही राज्यांत उघडल्या तरी हा क्रमांक एकच राहतो. म्हणजे निफाडच्या शाखेच्या बिलावरही GJ वालाच सीआयएन असणार, आणि ते बरोबर आहे.

करासाठी मात्र दर राज्यात वेगळा माणूस

शाखेची खरी नोंद सापडते ती जीएसटीत. जीएसटीचा हिशोब राज्यवार आहे. कंपनीनं दुसऱ्या राज्यात गोदाम किंवा दुकान टाकलं आणि तिथून करपात्र माल विकायला सुरुवात केली, तर त्या राज्यात वेगळा जीएसटी नंबर घ्यावा लागतो. तसा धंदा सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो.

समजा राजकोटच्या या कंपनीनं निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंतला पहिली शाखा काढली. कंपनीचा माणूस gst.gov.in वर नवा अर्ज भरतो. पॅन कंपनीचाच, राज्य मात्र महाराष्ट्र. धंद्याची मुख्य जागा म्हणून पिंपळगावचा पत्ता टाकतो, गाळ्याचा भाडेकरार आणि वीजबिल जोडतो, आणि सही कोण करणार त्याचं अधिकारपत्र देतो. काही वेळा अधिकारी जागेवर येऊन पाहणीही करतात. मंजुरी मिळाली की महाराष्ट्राचा नंबर येतो. आता दोन नंबर शेजारी ठेवून बघा, हेही नमुनेच आहेत :

```
24AAACX0000A1Z0
27AAACX0000A1Z0
```

सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे. 24 गुजरात, 27 महाराष्ट्र. मधली दहा अक्षरं म्हणजे कंपनीचा पॅन, तो दोन्हीकडे सारखा. तेरावा आकडा त्या राज्यात त्या पॅनवर घेतलेली कितवी नोंदणी ते सांगतो. शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं, ते प्रत्यक्षात दोन नंबरांत वेगळं येऊ शकतं.

पुढं कंपनीनं सांगली जिल्ह्यात तासगावला दुसरी शाखा काढली. राज्य तेच, म्हणून नवा नंबर लागत नाही. महाराष्ट्राच्या आधीच्याच नोंदणीत तासगावचा पत्ता ‘धंद्याची अतिरिक्त जागा’ म्हणून चढवायचा, आणि तोही पंधरा दिवसांच्या आत. कंपनीची इच्छा असेल तर ती तासगावसाठी वेगळा नंबर घेऊ शकते, पण सक्ती नाही. मग कर्नाटकात विजयपूरला शाखा काढली, तर तिथं पुन्हा नवा अर्ज आणि 29 नं सुरू होणारा नवा नंबर.

तासगावच्या शेतकऱ्यानं पोर्टलवर नंबर टाकला तर मुख्य जागा म्हणून पिंपळगावचा पत्ता दिसेल. त्यानं लगेच घाबरायचं कारण नाही. जीएसटी प्रमाणपत्राला ‘अनुबंध अ’ जोडलेला असतो, त्यात सगळ्या अतिरिक्त जागांची यादी असते. हे प्रमाणपत्र शाखेत भिंतीवर लावणं बंधनकारक आहे. तासगावचा पत्ता त्या यादीत नसेल, तर मात्र विचारायला जागा आहे.

जीएसटी कायदा राजकोट आणि पिंपळगाव या दोन जागांना दोन वेगळ्या व्यक्ती धरतो. त्यामुळं राजकोटहून पाच ब्लोअर पिंपळगावच्या गोदामात नुसते आणून ठेवले, विक्री झालीच नाही, तरी राजकोटला पिंपळगावच्या नावानं कराचं बिल फाडावं लागतं आणि मालासोबत ई-वे बिल पाठवावं लागतं. घरातल्या घरात बिल, असा हा प्रकार. तो कर नंतर पिंपळगावची शाखा विक्रीच्या करातून वळता करून घेते.

बिल बघून काय कळतं?

पिंपळगावच्या शाखेनं आपल्या गोदामातला ब्लोअर निफाडच्या शेतकऱ्याला विकला, तर बिलावर 27 चा नंबर असतो आणि कर दोन ओळींत दिसतो, सीजीएसटी आणि एसजीएसटी. राजकोटहून थेट शेतकऱ्याच्या नावानं माल आला, तर बिलावर 24 चा नंबर आणि आयजीएसटी अशी एकच ओळ असते. दोन्ही पद्धती कायदेशीर आहेत.

पण दोन्हींत फरक आहे. दुसऱ्या पद्धतीत गाळ्यातलं ऑफिस फक्त ऑर्डर घेतं, माल आणि बिल तिकडचं. अशा वेळी त्या ऑफिसची इथल्या जीएसटीत नोंद नसेलही. मग ‘आमची इथं मोठी शाखा आहे, काळजी करू नका’ या बोलण्याला किती वजन द्यायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

गडबड ओळखायची ती अशी. बिलावर नंबर 24 चा आणि कर मात्र सीजीएसटी-एसजीएसटी, आणि माल महाराष्ट्रात पोच, तर बिल चुकीचं आहे. कोऱ्या कागदावर नुसता शिक्का मारून दिलेली पावती हेसुद्धा चांगलं लक्षण नाही. नोंदणी असलेल्या विक्रेत्यानं आगाऊ रक्कम घेतली, तर जीएसटी नंबर असलेलं रिसीट व्हाउचर द्यायचं असतं. ऐंशी हजार भरणाऱ्यानं ते मागून घ्यावं.

शाखा की डीलर?

बोर्डावर कंपनीचं नाव मोठं असतं, म्हणून ती कंपनीची शाखाच असते असं नाही. पुष्कळदा तो गावातल्याच कुणाची तरी एजन्सी असते. आगाऊ रक्कम एजन्सीनं स्वतःच्या नावानं घेतली, तर ‘पैसे आमच्याकडे आलेच नाहीत’ असं म्हणायला कंपनी मोकळी राहते. यंत्रातला बिघाड आणि गॅरंटीचा भाग वेगळा, पण आगाऊ रकमेपुरता हा फरक फार महागात पडतो.

ओळखायची खूण जीएसटी नंबरातच आहे. डावीकडून सहावं अक्षर बघा. तिथं C असेल तर नंबर कंपनीचा. P असेल तर एका व्यक्तीचा. F असेल तर भागीदारी फर्मचा. वरच्या नमुन्यात सहावं अक्षर C आहे. बोर्ड म्हणतो ‘प्रायव्हेट लिमिटेडची शाखा’ आणि बिलावरच्या नंबरात P, तर समोरचा माणूस डीलर आहे. डीलरशी व्यवहार करण्यात काही गैर नाही, पण पैसे कुणाला दिले ते माहीत असावं. बँक खात्याचंही तसंच. रक्कम कंपनीच्या नावाच्या खात्यात जाते की मॅनेजरच्या खासगी मोबाईल नंबरवर, हे भरण्याआधी स्क्रीनवर येणाऱ्या नावावरून कळतं.

बोर्डावर काय पाहिजे?

कंपनी कायद्याचं कलम 12 इथं कामाला येतं. कंपनीचा धंदा जिथं जिथं चालतो, त्या प्रत्येक जागेबाहेर कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता ठळक, वाचता येईल असा लावायचा असतो. तोही त्या भागातल्या भाषेच्या लिपीत. म्हणजे पिंपळगावला देवनागरीत, विजयपूरला कन्नडमध्ये. नुसता इंग्रजी बोर्ड चालत नाही. कंपनीच्या बिलांवर आणि पत्रांवर नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन आणि ई-मेल छापलेला पाहिजे. हे पाळलं नाही तर दिवसाला एक हजार रुपये, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जीएसटी नंबरही दारावरच्या बोर्डावर लावायचा असतो.

तेव्हा बोर्डावर राजकोटचा पूर्ण पत्ता आणि 27 नं सुरू होणारा नंबर दिसला, तर तो मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायचा. शाखा उद्या बंद झाली तर बोर्ड उतरतो, फोटो राहतो.

गाळ्यात आणखी एक कागद दिसतो, तो गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. हा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा, त्यामुळं महाराष्ट्रातल्या शाखेला महाराष्ट्राचाच गुमास्ता लागतो, गुजरातचा चालत नाही. कामगारांच्या संख्येनुसार नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं किंवा नुसती सूचना दिल्याची पावती. पण त्यावरून एवढंच कळतं की या जागेत धंदा असल्याचं कुणीतरी कळवलं आहे. कंपनी भरवशाची आहे, असं गुमास्ता सांगत नाही.

मोबाईलवर तपासणी

पिंपळगावच्या शेतकऱ्यानं पैसे भरण्याआधी काय करावं, ते क्रमानं बघू. आधी gst.gov.in वर `Search Taxpayer` मध्ये जाऊन बिलावरचा किंवा बोर्डावरचा नंबर टाकावा. कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, मुख्य जागा आणि स्थिती दिसते. स्थिती `Active` पाहिजे. तिथं `Cancelled` किंवा `Suspended` आलं, तर पैसे खिशातच ठेवावेत. त्याच पानावर विवरणपत्रं भरल्याची माहितीही उघडता येते. मागचे पाच-सहा महिने विवरणपत्रच नाही, तर शाखा चालू आहे की नुसता बोर्ड, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

मग नंबरातली मधली दहा अक्षरं, म्हणजे तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत, उचलावीत आणि `Search by PAN` मध्ये टाकावीत. त्या पॅनवर कुठल्या कुठल्या राज्यात नोंदणी आहे, त्याची सगळी यादी येते. आपल्या कंपनीच्या बाबतीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा तीन नोंदी दिसायला पाहिजेत. कंपनी सांगते ‘आठ राज्यांत शाखा आहेत’ आणि यादीत एकच राज्य, तर ते बोलणं तपासून घ्यावं. यादीत चार राज्यांच्या नोंदी रद्द झालेल्या दिसल्या, तर कंपनी एकेका राज्यातून गाशा गुंडाळते आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

शेवटी mca.gov.in वर कंपनीचं नाव शोधावं. लॉगिन मागितलं तर ते करून घ्यावं. कंपनी चालू आहे की नोंदीतून काढून टाकलेली आहे, नोंदणीकृत पत्ता काय, संचालक कोण, हे इथं कळतं.

ही तपासणी सगळ्याच कंपन्यांना लागू पडत नाही. ताजी फळं, भाजीपाला, कांदा असा करमुक्त शेतमालच फक्त घेणारी-विकणारी कंपनी असेल, तर तिला जीएसटी नोंदणीची सक्तीच नाही. परराज्यातली कंपनी द्राक्ष घ्यायला आली आणि तिचा 27 चा नंबर सापडला नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही. पण मग तिची राज्यातली ही मोठी खूणही मिळत नाही. तिथं नोंदणीकृत पत्ता, सीआयएन आणि कंपनीच्या लेटरहेडवर सहीनिशी लिहिलेला सौदा, यांवरच भिस्त ठेवावी लागते.

शाखा बंद झाली तर पैसे बुडाले का?

आता मूळ प्रश्नाकडे. समजा तीन लाख वीस हजारांच्या ब्लोअरसाठी ऐंशी हजार भरले. छाटणी झाली, डाऊनीचा धोका डोक्यावर, आणि गाळ्याला कुलूप. पोर्टलवर 27 चा नंबर रद्द दिसतो. शाखेचा मॅनेजर फोनवर सांगतो, ‘ती शाखा बंद झाली, आता काही होणार नाही.’

हे खरं नाही. जीएसटीनं पिंपळगाव आणि राजकोटला वेगळं धरलं ते करापुरतं. देण्याघेण्याच्या बाबतीत शाखा वेगळी नसतेच. शाखेनं घेतलेले पैसे म्हणजे कंपनीनं घेतलेले पैसे. शाखेचा नंबर रद्द झाला, गाळा सोडला, मॅनेजर निघून गेला, तरी देणं राजकोटच्या कंपनीवर कायम राहतं. कंपनीच्या नावानं पैसे घेतल्याचा पुरावा मात्र हातात पाहिजे.

कंपनी कधीकधी म्हणते, ‘आमच्या हिशोबात तुमची नोंद नाही.’ कायद्याप्रमाणं शाखेच्या व्यवहाराच्या वह्या शाखेत ठेवता येतात, पण त्यांचा गोषवारा ठरावीक मुदतीनं नोंदणीकृत कार्यालयाला पाठवावा लागतो. मॅनेजरनं रोख घेऊन वहीत चढवलंच नाही, तर राजकोटला ते दिसणार नाही. म्हणून रक्कम कंपनीच्या खात्यात भरलेली बरी. मग बँकेचा उताराच बोलतो.

नोटीस पाठवायची ती बंद गाळ्याला नाही, नोंदणीकृत पत्त्यावर. पोच मिळेल अशा स्पीड पोस्टानं पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. त्या पत्त्यावर गेलेली नोटीस ही कंपनीला दिलेली नोटीस धरली जाते.

बिलाखाली बारीक अक्षरांत ‘न्यायक्षेत्र राजकोट’ छापलेलं असतं. ते वाचून बरेच शेतकरी नाद सोडून देतात. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणं तक्रारदार जिथं राहतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे निफाडच्या शेतकऱ्याला नाशिकला. बिलावरच्या त्या एका ओळीनं हा मार्ग बंद होत नाही. स्वतःच्या शेतीवर पोट भरण्यासाठी घेतलेल्या यंत्राचा खरेदीदार ग्राहक धरला जातो. भाड्यानं फिरवण्याच्या धंद्यासाठी पाच ब्लोअर घेतले असतील, तर कंपनी त्यावर हरकत घेऊ शकते. तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात फी लागत नाही.

दिवाणी दाव्यातही सोय आहे. कंपनीची शाखा ज्या ठिकाणी आहे आणि व्यवहार त्याच ठिकाणी झाला आहे, तिथल्या कोर्टात कंपनीवर दावा चालतो. पण करारात न्यायक्षेत्राची अट असेल, तर हा भाग वकिलाला कागद दाखवूनच ठरवावा.

या सगळ्याला लागणारे कागद चारच आहेत. बोर्डाचा फोटो, 27 किंवा 24 चा नंबर असलेलं रिसीट व्हाउचर, बँकेचा उतारा आणि पोर्टलवरच्या नोंदीचा तारखेसह स्क्रीनशॉट. हे चारही पैसे भरण्याच्या दिवशीच जमतात. कुलूप लागल्यानंतर यातले निम्मे मिळत नाहीत.